कारागिराने आपले काम दाखवावे. पण कोणते आणि केव्हा?

जरीकाम करणाऱ्या कारागिराची एक जुनी अडचण आहे. तो आठ-दहा दिवस अड्ड्यावर वाकून एखादा लेहंगा किंवा जाकीट भरतो आणि शेवटी त्यावर पट्टी लागते ती दुसऱ्याच्याच नावाची. हे काम कोणाच्या हातचे, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. ठेकेदार मध्ये असतो, त्याच्या वर कारखानदार, त्याच्या वर निर्यातदार आणि सर्वांत वर परदेशातला खरेदीदार. नवे काम मिळवायचे तर कारागिराजवळ दाखवायला काय असते? ना बिल, ना शिफारसपत्र, ना दुकान.

मोबाईलने ही अडचण बरीच कमी केली. आज गोवंडी, कुर्ला, धारावीतला कारागीर आपल्या कामाची रील काढून इन्स्टाग्रामवर टाकतो, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावतो, आणि एखादे वेळी थेट दुकानदाराचा किंवा लग्नघरचा फोन येतो. ठेकेदाराला वगळून चार पैसे जास्त मिळतात. ही चांगली गोष्ट आहे आणि ती कोणी बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु याच रस्त्यावर एक खड्डा आहे. त्यात पडलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून आज या विषयावर लिहीत आहे.

एक वाद

गेल्या वर्षी गोवंडीच्या एका कारखान्याचे भांडण सोडवायला चार जणांत मलाही बोलावले होते. प्रकार असा. कारखानदाराने एका निर्यातदाराकडून जाकिटाचे साठ पॅनेल भरण्याचे काम घेतले होते. दर पॅनेलला ९०० रुपये मजुरी, एकूण ५४,००० रुपये. त्यातले २०,००० आगाऊ मिळाले होते. पंचवीस पॅनेल झाल्यावर अड्ड्यावरच्या एका तरुण कारागिराने वीस सेकंदांची रील काढली. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. दबका आणि नक्षी भरताना आपला हात किती सफाईने चालतो, एवढेच त्याला दाखवायचे होते.

पण रीलमध्ये हात सोडून बाकीच जास्त दिसत होते. पूर्ण भरलेले पॅनेल समोरून, सरळ दिसत होते. बाजूला खाका पसरलेला होता, म्हणजे ट्रेसिंग कागदावर सुईने भोके पाडून केलेला तो आराखडा, ज्यावरून रॉकेलात कालवलेली पूड फिरवून नक्षी कापडावर उतरवतात. शिवाय अड्ड्याच्या कडेला चलान खोचलेले होते आणि त्यावर खरेदीदाराचे नाव आणि मालाचा क्रमांक वाचता येत होता. रील थांबवून पडद्याचे चित्र घेतले की कुशल खाका काढणारा माणूस एका दुपारी ती नक्षी पुन्हा काढू शकतो. कापड अजून समुद्रापारही गेले नव्हते. परदेशी खरेदीदाराचा माल दुकानात लागण्याच्या कितीतरी महिने आधी तो आपल्याकडे तयार होत असतो.

रील निर्यातदाराच्या माणसाने पाहिली. त्याने उरलेले ३४,००० रुपये अडवले आणि चलानाच्या मागे छापलेली अट दाखवली: फोटो बाहेर गेल्यास एक लाख रुपये दंड. कारखानदाराने ती अट कधी वाचली नव्हती. त्याने सगळा राग कारागिरावर काढला आणि त्याची पंधरा दिवसांची मजुरी रोखली. कारागीर म्हणत होता, "फोटो माझ्या फोनने काढला, हात माझा, मेहनत माझी. मग गुन्हा कोणता?"

या एका प्रश्नात सगळा विषय येतो, म्हणून तो नीट उलगडून पाहू.

फोटो कोणाचा, नक्षी कोणाची

फोटोवर सर्वसाधारणपणे तो काढणाऱ्याचा हक्क असतो, हे कारागिराचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण फोटोचा हक्क वेगळा आणि फोटोत दिसणाऱ्या नक्षीचा हक्क वेगळा. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या दागिन्याचा फोटो आपण काढला, तर फोटो आपला होतो, दागिना नाही. शेठने दिलेला खाका हाही कारागिराच्या हाती अमानत म्हणूनच आलेला असतो.

आपल्या देशात नक्षी, आकार, रंगांची मांडणी अशा गोष्टींना डिझाइन कायदा, २००० लागू होतो. त्याखाली डिझाइनची नोंद केली तर आधी दहा वर्षे आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे तिला संरक्षण मिळते. पण एक मोठी अट आहे. अर्ज करण्यापूर्वी ते डिझाइन भारतात किंवा जगात कोठेही लोकांसमोर आलेले नसावे. एकदा ते छापले गेले, वापरात आले किंवा अन्य रीतीने उघड झाले, की त्याचे नवेपण संपते आणि नोंद मिळत नाही.

कारागिराची वीस सेकंदांची रील मालकाला इतकी का झोंबते, ते यावरून ध्यानात येईल. चार लोकांनी नक्कल केली, एवढेच नुकसान नसते. नोंदणीचा दरवाजाच बंद होण्याची भीती असते. याच कायद्याच्या १६ व्या कलमात एक सवलत आहे. मालकाने विश्वासाने दाखवलेले डिझाइन दुसऱ्याने विश्वास मोडून उघड केले, तर तेवढ्यामुळे नोंद रद्दबातल ठरत नाही. पण विश्वास मोडला गेला, हे मालकाला दाखवून द्यावे लागते. कारागिराला कधी काही सांगितलेच नसेल, तर शेठ ते कशाच्या आधारे दाखवणार? गोपनीयतेचा नियम सोप्या शब्दांत लिहून देण्यात मालकाचाच पहिला फायदा आहे.

"स्टेटस तर चोवीस तासांत जाते," असेही पुष्कळ जण म्हणतात. स्टेटस जाते, पण पाहणाऱ्याने त्याचे चित्र घेऊन ठेवले तर ते राहते. आणि आपल्या फोनमध्ये ज्यांचे नंबर असतात ते बहुतेक याच धंद्यातले, म्हणजे नक्कल करू शकणारेच लोक असतात.

कल्याणचा जुना खटला

नोकराने मालकाचे गुपित कोठवर सांभाळावे, यावर आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचा १९६७ चा एक प्रसिद्ध निकाल आहे. त्याचा जन्म आपल्या कल्याणातच झाला. सेंच्युरी कंपनीने तेथे टायरसाठी लागणारा दोर बनवण्याचे तंत्र परदेशी कंपन्यांकडून घेतले होते. त्या कंपन्यांनी अट घातली होती की हे तंत्र गुप्त राहिले पाहिजे आणि आपल्या नोकरांकडूनही तसे लिहून घेतले पाहिजे. त्याप्रमाणे निरंजन गोलीकरी नावाच्या पाळीप्रमुखाबरोबर कंपनीने पाच वर्षांचा करार केला. ते मुदत संपण्याआधीच नोकरी सोडून राजस्थानातल्या त्याच धंद्यातील कारखान्यात गेले. कोर्टाने त्यांना कराराची मुदत संपेपर्यंत तसल्या कामाला आणि तंत्र उघड करण्याला मनाई केली आणि सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली.

आपल्या वाचकांनी या खटल्यातून एक गोष्ट विशेष पाहावी. गुप्ततेची अट वरून खाली कशी उतरते? परदेशी कंपनीने ती इथल्या कंपनीवर घातली, इथल्या कंपनीने नोकरावर घातली. आजही तसेच चालते. परदेशी खरेदीदार निर्यातदाराकडून लिहून घेतो, निर्यातदार कारखानदाराकडून. मात्र अड्ड्यापर्यंत येता येता ती अट बहुधा चलानाच्या मागच्या बारीक अक्षरांत गडप होते. ज्याच्या हातात फोन असतो, त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही.

सही केली नव्हती म्हणून आपण मोकळे, असेही कोणी समजू नये. गुपित जपण्याचे बंधन नेहमी कागदावरच असते असे नाही. ज्या परिस्थितीत वस्तू आपल्या हाती दिली, त्यावरून ती खाजगी आहे हे कोणत्याही समजदार माणसाला कळण्यासारखे असेल, तरी बंधन येऊ शकते. बाजारात न आलेला खाका हाती आला की तो खाजगी आहे, हे जुन्या कारागिराला सांगावे लागत नाही.

मालकाचे हात कोठे थांबतात

आता दुसरी बाजू, कारण काही शेठ लोक या नियमांचा गैरफायदा घेतात. "आमच्याकडे काम करतोस तर कसलाही फोटो टाकायचा नाही," "आमचे काम सोडल्यावर दुसऱ्या कोणाचे जरीकाम करायचे नाही," अशा अटी मी स्वतः वाचल्या आहेत.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. नोकरी चालू असताना मालक काही बंधने घालू शकतो, हे गोलीकरी खटल्यात ठरले. पण नोकरी सुटल्यावरही दोन वर्षे तोच धंदा करू नये, अशी अट १९८० साली सुप्रीम कोर्टाने कृष्ण मुरगई यांच्या खटल्यात मान्य केली नाही. मालकाची नक्षी काम सोडल्यावरही मालकाचीच राहते. कारागिराचा हात मात्र त्याचा स्वतःचा असतो. दबका, सलमा, सितारा, टिकली, आरीची साखळी हे सगळ्या धंद्याचे आहे. हे टाके कोणत्याही शेठच्या मालकीचे नाहीत आणि ते दाखवायला कोणी बंदी करू शकत नाही.

दंडाचेही तसेच. चलानावर एक लाख लिहिले म्हणून एक लाख देणे लागत नाही. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि कोर्ट त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच देते. कारखानदाराने आपल्या मनाने कारागिराची सगळी मजुरी गिळावी, याला तर काहीच आधार नाही. नुकसानीचा हिशेब वेगळा, झालेल्या कामाची मजुरी वेगळी.

आणखी एक गोष्ट. मजुरी थकली म्हणून कामगार कार्यालयात किंवा कोर्टात जाण्याला गोपनीयतेची अट आड येत नाही. आपला हक्क कायद्याने मागूच नये, असा करार त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने रद्द ठरतो. मात्र तक्रार अधिकाऱ्यापुढे करावी. रागाच्या भरात शेठचे नाव घालून व्हिडिओ फिरवला आणि त्यातले एखादे वाक्य सिद्ध करता आले नाही, तर बदनामीचा दावा उलट आपल्यावर येतो.

मग दाखवायचे काय?

माझ्या मते कारागिराने शेठच्या मालावर अवलंबून न राहता आपला स्वतःचा नमुना-संच तयार करावा. पाच-सहा इंचांचे आठ-दहा तुकडे पुरेत. एकावर दबक्याचे फूल, एकावर सलमा-सिताऱ्याची वेल, एकावर आरीचे पान, एकावर मोत्यांचा भराव. नक्षी जुनी, सर्वांच्या वापरातली घ्यावी. याला दोन-चार दिवसांचे काम आणि थोडे सामान लागते. पण हे तुकडे पूर्णपणे आपले असतात. त्यांची रील काढा, दुकानदाराला हातात द्या, कोणी विचारणार नाही. गिऱ्हाईकही नक्षीपेक्षा टाक्याची सफाई आणि कापडाची पाठ पाहतो. ती अशा तुकड्यावर अधिक चांगली दिसते.

येथे एक सावधानी आहे. तुकड्यावरची नक्षी तुम्ही स्वतः नव्याने काढलेली असेल आणि तिची नोंद करण्याचा विचार असेल, तर तीही आधी टाकू नका. आधी अर्ज करा, मग रील. जो नियम शेठचे डिझाइन वाचवतो, तोच तुमचेही वाचवतो, आणि तुमच्याच रीलने तुमचे नवेपण जाऊ शकते. डिझाइनचे मुख्य कार्यालय कोलकात्याला असले तरी अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयातही देता येतो.

शेठच्या मालावर काम चालू असतानाच रील काढायची असेल, तर आधी विचारावे आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावे. तोंडी "हो, टाक" हे भांडणाच्या वेळी कोणालाही आठवत नाही. परवानगी मिळाली तरी सुई आणि बोटांपुरतेच जवळून घ्यावे. खाका गुंडाळून ठेवावा, चलान, पट्टी, खोक्यावरचे नाव आणि भिंतीवरचा तयार माल चौकटीत येऊ देऊ नये. टाकण्यापूर्वी रील मध्येमध्ये थांबवून पाहावी आणि स्वतःला विचारावे, एवढ्यावरून मला ही नक्षी पुन्हा काढता येईल काय? उत्तर 'होय' असेल तर ती रील टाकण्यासारखी नाही.

माल दुकानात विकायला लागला की नक्षीचे गुपित उरत नाही. तेव्हा शेठला विचारून तयार वस्त्राचा फोटो टाकायला सहसा अडचण नसते. तरीही खरेदीदाराचे नाव लिहून "यांच्यासाठी आम्ही बनवतो" असे परवानगीशिवाय म्हणू नये. निर्यातीच्या करारांत नावाच्या वापरावर बहुधा वेगळे बंधन असते. शिवाय फोटो दाखवणे म्हणजे तीच नक्षी दुसऱ्या गिऱ्हाइकाला भरून देण्याचा परवाना नव्हे. दाखवताना एवढेच म्हणावे की असा टाका आम्ही घालतो, नक्षी तुमची आणा.

कारखानदारांना दोन शब्द

आपल्या कारखानदार आणि ठेकेदार बांधवांनी अड्ड्यावर सरसकट फोनबंदी करून हा प्रश्न सुटेल असे समजू नये. ज्याला आपले काम कधीच दाखवता येणार नाही, तो चांगला हात तुमच्याकडे टिकणार नाही. त्याऐवजी कामाच्या सुरुवातीलाच, कारागिराला वाचता येईल त्या भाषेत, चलानाच्या पुढच्या बाजूला चार ओळी लिहाव्यात: या मालाची नक्षी, खाका आणि खरेदीदाराचे नाव बाहेर जाऊ देऊ नये. हे बंधन माल विक्रीस लागेपर्यंत किंवा अमुक तारखेपर्यंत राहील. टाक्यांचा जवळून फोटो चालेल. इतर फोटोसाठी अमुक माणसाला विचारावे, तो तीन दिवसांत उत्तर देईल. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे आणि सही किंवा अंगठा घ्यावा.

यात तारीख महत्त्वाची आहे. शेवट नसलेली बंदी कोणी पाळत नाही आणि भांडण झाल्यावर ती अवाजवीही वाटते. माल लागल्यावर दोन चांगले फोटो कारागिराला आपण होऊन द्यावेत. त्याला ते फार मोलाचे असतात आणि आपले त्यात काही जात नाही.

गोवंडीचे ते भांडण शेवटी मिटले. रील त्याच दिवशी काढून टाकली होती आणि खरेदीदाराने काम रद्द केले नव्हते. निर्यातदाराला नुकसानीचा आकडा विचारला, तेव्हा त्याला एक लाखाचा हिशेब दाखवता आला नाही. उरलेले पॅनेल पूर्ण करून घेऊन ३४,००० मधून ६,००० कापायचे ठरले. ते कारखानदाराने सोसले, कारण अट त्याच्या चलानावर होती आणि ती त्याने खाली सांगितली नव्हती. कारागिराची पंधरा दिवसांची मजुरी पूर्ण दिली गेली. त्याने आपली चूक मान्य केली आणि माल दुकानात लागल्यावर एका पॅनेलचा फोटो ठेवण्याची लेखी परवानगी मागितली. निर्यातदाराने थोडी कुरकुर केली, पण ती दिली.

मला विचाराल तर हीच परवानगी पहिल्या दिवशी मागितली असती, तरी मिळाली असती.